जोडीदाराच्या मेसेजच्या चालीशी चाल जुळवताना

«आम्ही दीड वर्ष एकत्र आहोत, पण राहतो वेगवेगळ्या शहरांत, त्यामुळे दिवसभराचं बोलणं मेसेजवरच. मी मोठे मेसेज लिहिते, इमोजी भरपूर टाकते. तो 'हो.', 'ठीक.', 'पोचलो.' एवढंच. समोरचा लिहितो तसं आपण लिहिलं की जवळीक वाढते असं ऐकलं, म्हणून आठवडाभर मीही तसंच लिहायचं ठरवलं. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'रागावलीस का?' मग जुळवून घ्यायचं तरी कसं?»

त्याचा तो प्रश्न लक्षात ठेवा, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. 'ठीक.' हा शब्द त्याने स्वतः तुम्हाला शेकडो वेळा पाठवला असेल आणि त्यातल्या बहुतेक वेळा तो अगदी मजेत असेल. तरी तुमच्याकडून तोच शब्द आला आणि त्याला राग दिसला. कारण तो तुमचा मेसेज स्वतःच्या सवयीशी ताडून पाहत नाही. तो तुमच्या कालच्या, परवाच्या मेसेजशी ताडून पाहतो. काल तीन ओळी आणि दोन हसरे चेहरे होते, आज एक शब्द आणि टिंब आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय. त्याचा हिशोब बरोबरच होता, फक्त कारण चुकलं.

आपण सगळेच चॅट असं वाचतो. माणसाची एक नेहमीची पट्टी आपल्या कानात बसलेली असते आणि अर्थ निघतो तो त्या पट्टीवरून माणूस किती हलला यातून. त्यामुळे त्याच्यासारखं हुबेहूब लिहायला गेलात, तर त्याला 'ही माझ्यासारखी आहे' असं जाणवत नाही, 'ही आज हिच्यासारखी नाही' असं जाणवतं. नक्कल आणि जुळवून घेणं यांतला फरक इथेच आहे, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं याच धाग्यावर आहे.

तुम्ही जे ऐकलंत ते खोटं नाही, पण अर्धवट तुमच्यापर्यंत पोचलंय. बोलताना माणसं नकळत एकमेकांकडे सरकतात, हे हॉवर्ड जाइल्स या भाषा-मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलं आणि त्यावर पुढे पुष्कळ काम झालं. त्याच कामात दुसरी बाजूही सांगितलेली आहे: सरकणं गरजेपेक्षा जास्त झालं की समोरच्याला ते खोटं किंवा चिडवल्यासारखं वाटतं. नंतर २०११ साली मॉली आयर्लंड, जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या जोडप्यांच्या दहा दिवसांच्या चॅट तपासल्या. ज्यांची भाषेची चाल एकमेकांशी जास्त जुळत होती ती जोडपी तीन महिन्यांनंतरही एकत्र असण्याची शक्यता जास्त निघाली. पण त्यांनी काय मोजलं होतं? इमोजी नव्हे, टिंबं नव्हेत. सर्वनामं, वाक्यं जोडणारे 'तर', 'पण', 'आणि'सारखे बारीक शब्द, जे आपण वापरतोय हे आपल्याला कळतही नाही. म्हणजे जे जुळलं होतं ते कुणी ठरवून जुळवलेलं नव्हतं, ती माणसं एकमेकांकडे लक्ष देत होती म्हणून ते आपोआप जुळलं. वरवरच्या खुणा उचलून हा परिणाम मिळत नाही. वरवरच्या खुणांचा उपयोग वेगळा आहे: तुमचं लिहिणं त्याला वाचायला सोपं व्हावं आणि त्याचं लिहिणं तुम्हाला बोचू नये.

मी बरीच वर्षं जोडप्यांसोबत काम करतेय, आणि हल्ली पहिल्या एकदोन भेटींतच दोघांचेही फोन टेबलावर येतात. मी दोघांना सांगते, गेल्या पंधरा दिवसांतले साधे दिवस निवडा. भांडण झालं ते दिवस नकोत, वाढदिवस नको, प्रवास नको. त्या साध्या दिवसांतले प्रत्येकाचे तीसेक मेसेज सलग वाचा आणि शब्द मोजा. मोजायला दहा मिनिटं लागतात, पण मोजल्यावर 'तो तर काही लिहीतच नाही' या वाक्याच्या जागी काहीतरी हातात येतं. तुम्हीही हे आधी करा, तुमचे आणि त्याचे दोन्ही. तुमचं मोजणं जास्त महत्त्वाचं, कारण आपली पट्टी आपल्याला सर्वात कमी माहीत असते.

मोजताना एक गोष्ट मुद्दाम पाहा: हा 'हो.' तो सगळ्यांना लिहितो की फक्त तुम्हाला? तुम्ही दोघं ज्या ग्रुपमध्ये आहात तिथे पाहिलंत तरी समजेल. मित्रांनाही 'हो.' आणि 'पोचलो.' असंच जात असेल, तर ते टिंब तुमच्याविषयी काही सांगत नाही. कित्येक फोनवर स्पेसचं बटण दोनदा दाबलं की टिंब आपोआप पडतं, आणि बोलून टाइप करणाऱ्यांच्या मेसेजमध्येही विरामचिन्हं फोनच घालतो. एका माणसाच्या 'कोरड्या' टिंबावरून दोन भेटी आमची चर्चा झाली आणि तिसऱ्या भेटीत कळलं की त्याचा अंगठा सवयीने दोनदा स्पेस मारतो. हे सांगताना त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण तिने त्या टिंबाचा अर्थ लावण्यात महिने घालवले होते.

टिंब का बोचतं, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. कागदावर वाक्य संपलं हे सांगायला टिंब लागतं. चॅटमध्ये ते काम 'पाठवा'चं बटण करतं, मेसेजचा फुगा संपला की वाक्य संपलं. टिंबाला तिथे काही काम उरत नाही, आणि ज्या खुणेला काम नसतं तिच्यात आपण भाव शोधायला लागतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१५च्या सुमारास १२६ विद्यार्थ्यांना आमंत्रण आणि त्यावरचं एका शब्दाचं उत्तर असे संवाद वाचायला दिले. मेसेज म्हणून दाखवलेल्या संवादात टिंब असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या म्हणून दाखवले तेव्हा टिंबाने फरक पडला नाही. एका शब्दाच्या उत्तरापुरतीच ही गोष्ट आहे, हेही ध्यानात घ्या. चार वाक्यांच्या मेसेजमध्ये टिंबं असतील तर तो फक्त नीट लिहिणारा माणूस आहे.

म्हणून टिंबाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ते उचलू नका. तुम्ही मुळात टिंब न देणाऱ्या असाल, तर तुमच्या 'हो.'मधलं टिंब त्याच्या टिंबाहून दहापट जोरात ऐकू येतं. त्याच्या दिशेने सरकायचंच असेल तर दुसऱ्या टोकाने सरका. तुमचे तीन उद्गारचिन्हांचे मेसेज एकावर आणा. 'पोचलास???' हे 'पोचलास का?' करा. एवढ्याने स्वर शांत होतो आणि तो तुमचाच राहतो. ओळीच्या शेवटी लोंबत राहणारे तीन ठिपकेही कमी करा. 'बरं...' असं लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात नुसता उसासा असतो, पण नेमकं बोलणाऱ्या माणसाला तिथे काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि काय राहिलंय ते विचारावं की नको, यात तो अडकतो.

खरं अंतर पडतं ते लांबीमुळे. आणि लांबी म्हणजे शब्दांची संख्या एवढंच नव्हे. एका मेसेजमध्ये समोरच्याकडून किती गोष्टी मागितल्या आहेत, हे मी आधी बघते. तुमच्या प्रश्नावरून अंदाज करते की तुमचा एखादा मेसेज साधारण असा जात असेल:

«अरे ऐक ना 😄 आज मीटिंग इतकी लांबली की जेवायलाच साडेतीन वाजले!!! आणि तेच प्रेझेंटेशन परत करायचंय म्हणे 😩 तू जेवलास का? शनिवारी येतोयस ना नक्की? तिकीट काढलंस का? आणि आईने तुला फोन केला होता का, तिला काहीतरी विचारायचं होतं 🙈»

यावर त्याचं उत्तर येतं, 'हो.' आणि तुम्ही फोनकडे बघत राहता. कशाचं हो? जेवल्याचं, येण्याचं, तिकिटाचं की आईच्या फोनचं? तुम्हाला वाटतं त्याने मेसेज नीट वाचलासुद्धा नाही. बहुतेक वेळा घडतं ते वेगळं. एका मेसेजमध्ये चार प्रश्न आणि एक तक्रार आल्यावर थोडक्यात लिहिणारा माणूस ज्याचं उत्तर सर्वात सोपं त्याला उत्तर देतो आणि बाकीचं संध्याकाळी बोलू म्हणून मनात ठेवतो. मीटिंगच्या दोन ओळींना काय उत्तर द्यायचं हे त्याला कळत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. तुम्हाला तिथे 'अरेरे, मग काय झालं?' हवं होतं. त्याला ती बातमी वाटली.

याची नक्कल केली तर तुम्ही लिहाल, 'तिकीट?' हा मेसेज साहेबाने कारकुनाला पाठवल्यासारखा आहे. जुळवून घेतलंत तर असं काहीतरी होईल. दुपारी, तो कामात असताना:

«शनिवारचं तिकीट काढलंस का?»

आणि संध्याकाळी, तो मोकळा होतो तेव्हा:

«आज मीटिंग इतकी लांबली की साडेतीनला जेवले! तेच प्रेझेंटेशन परत करायचंय 😩 रात्री फोनवर सगळं सांगते, मला जरा बोलायचंय यावर»

पहिल्या मेसेजमध्ये एकच प्रश्न आहे, त्यामुळे 'काढलं.' आलं तरी ते पूर्ण उत्तर आहे, त्यात बोचण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्यात तुम्ही तुमच्यासारख्याच आहात, इमोजीही तुमचाच आहे. फक्त शेवटच्या चार शब्दांनी त्याला कळतं की इथे ऐकणारा हवा आहे. तुमच्या मोठ्या मेसेजमधून काही गेलेलं नाही, ते वेळेनुसार वाटलं गेलंय. जेवणाची चौकशी आणि आईचा फोन रात्रीच्या बोलण्यात आपोआप येतील.

आकडा हवा असेल तर माझ्या कामातला एक ढोबळ अंदाज देते, शास्त्र म्हणून नव्हे. मोजणीत त्याची सरासरी चार शब्द आणि तुमची चाळीस आली, तर दिवसाच्या मेसेजमध्ये पंधरावीस शब्दांपर्यंत या. चारपर्यंत जाऊ नका. अर्ध्यापर्यंत सरकल्यावर त्याला वाचायला हलकं वाटतं आणि तुमचा आवाजही ओळखू येतो. त्यापुढे गेलात की पुन्हा 'रागावलीस का?' येईल. रात्रीचा एखादा मेसेज मात्र मोठाच राहू द्या. दिवसातून एकदा येणारं तुमचं लांबलचक बोलणं बहुतेक माणसांना आवडतं, ते दिवसातून आठदा आलं की त्याची जागा राहत नाही.

इमोजीकडे येण्याआधी एका जोडप्याची गोष्ट सांगते, कारण इमोजीबद्दल मला जे कळलं ते बरंचसं त्यांच्याकडून. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिथे उलट होतं, तो भरभरून लिहिणारा आणि ती मोजकं. ती प्रयोगशाळेत काम करायची, फोन कपाटात, दोन सुट्ट्यांमध्ये काय तो हातात. त्याच्या प्रत्येक मेसेजमध्ये दोनतीन इमोजी आणि त्यात एक लाल बदाम हमखास, 'दूध आणतो ❤️' इथपर्यंत. तिच्या तीस मेसेजमध्ये एकूण सहा इमोजी निघाले: तीन 👍 आणि तीन ❤️. त्याची तक्रार अशी की ही अंगठा दाखवून मला वाटेला लावते. त्यावर उपाय म्हणून त्यानेही अंगठे पाठवायला सुरुवात केली होती, आणि घरात दोघांचं बोलणं आणखी कमी झालं होतं.

मी तिला विचारलं, हे तीन बदाम कधीचे आहेत? तिने फोन पुढे केला. तिन्ही रात्री साडेअकराच्या पुढचे होते, तिन्ही दिवसाच्या शेवटच्या मेसेजमध्ये. ती म्हणाली, 'मी झोपताना पाठवते. तो माझा असतो.' आणि मग जरा थांबून, 'पण त्याला दिसतच नसेल, त्याने दिवसभरात वीस पाठवलेले असतात.' तो गप्प झाला. त्याला तो बदाम खरंच कधी दिसला नव्हता. त्याच्या हिशोबात बदाम म्हणजे वाक्याचा शेवट. तिच्या हिशोबात बदाम म्हणजे दिवसाचा शेवट, आणि तिला म्हणायचं असतं ते सगळं त्या एकात.

इमोजीत जुळवायचं असतं ते हे. कोणता इमोजी आणि किती, याआधी तो कोणतं काम करतोय ते पाहा. ढोबळपणे तीन कामं दिसतात. एक, वाक्याचा कडकपणा काढणं, 'उशीर होईल 🙈'. दोन, वाचलं, समजलं, आता पुढे काही नाही असं सांगून बोलणं मिटवणं. तिचा 👍 हेच करत होता, सुट्टी संपत आली की ती त्याने दार लावून घ्यायची. तीन, माया. त्या माणसाने बदल केला तो एवढाच: दिवसा बदाम टाकणं थांबवलं. बाकी त्याची माकडं, नाचणाऱ्या बायका, सगळं चालू ठेवलं, ती त्याची बोली होती. आणि रात्री तिचा बदाम आला की उत्तरात एकच बदाम, शब्द नाही. त्याने तिचा इमोजी उचलला नव्हता, तो तर त्याच्याकडे आधीपासूनच होता. त्याने तिची त्या इमोजीची जागा मान्य केली. अंगठ्याबद्दल त्यांचं बोलणं झालं, आणि तिने स्वतःहून कधीमधी '👍 रात्री बोलू' लिहायला सुरुवात केली. हे दोन शब्द तिच्यासाठी तिच्या पट्टीच्या बरेच बाहेर होते, म्हणून त्यालाही ते मोठे वाटले.

तुमच्या बाबतीत, त्याच्या चॅटमध्ये मागे जाऊन त्याचे मोजके इमोजी शोधा आणि ते कुठे येतात ते पाहा. वेळ कोणती, आधी काय घडलं होतं, मेसेजच्या शेवटी की एकटाच. थोडक्यात लिहिणाऱ्या माणसाचे इमोजी विरळ असतात, त्यामुळे त्यांना जागा ठरलेली असते. ती जागा सापडली की तिथे तुमच्या इमोजींची गर्दी करू नका. आणि अर्थाचा अंदाज बांधत बसू नका, विचारा. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली लोकांना इमोजी दाखवून हा भाव आनंदाचा, दुःखाचा की मधला असं विचारलं होतं. अगदी तेच चित्र दोघांना दाखवलं तरी साधारण चारातल्या एका वेळी दोघांचं उत्तर वेगळं येत होतं. शिवाय एकच इमोजी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर वेगळा दिसतो. साधा 🙂 काहींना प्रेमळ वाटतो आणि काहींना ओठ दाबून धरल्यासारखा. 'तू 🙂 पाठवतोस तेव्हा तुझ्या मनात काय असतं?' हा प्रश्न जेवताना, फोनवर, सहज विचारण्यासारखा आहे. मेसेजवर विचारू नका, तिथे तो चौकशी वाटतो.

आता हे बदल करायचे कसे, तर एका वेळी एकच. पहिला आठवडा फक्त लांबीचा, म्हणजे एका मेसेजमध्ये एक प्रश्न. टिंब, इमोजी, काहीही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात उद्गारचिन्हं. इमोजी सगळ्यात शेवटी, कारण तुमचा स्वर त्यांच्यातूनच त्याला ऐकू येतो आणि ते आधी काढले तर बाकी सगळंच कोरडं वाटेल. मागच्या वेळी तुम्ही तिन्ही गोष्टी एका दिवसात बदलल्या होत्या, म्हणून त्याला धक्का बसला.

आणि त्याला सांगा. लोक इथे कचरतात, सांगितलं तर त्यातली सहजता जाईल असं त्यांना वाटतं. उलट न सांगता केलेला बदल समोरच्याला स्वतःच समजून घ्यावा लागतो, आणि तो वाईटच अर्थ लावतो. दोन वाक्यं पुरे: 'गेल्या आठवड्यात मी रागावले नव्हते, तुझ्यासारखं थोडक्यात लिहून बघत होते. आता दिवसा एकेक प्रश्न पाठवीन, बाकीचं रात्री बोलू.' त्याने स्वतःहून विचारलं होतं, म्हणजे त्याचं तुमच्या लिहिण्याकडे लक्ष असतं. टिंब देणाऱ्या माणसाने चार दिवसांत फरक ओळखला, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

जुळतंय की नाही हे तुमच्या मेसेजवरून ठरवू नका, त्याच्या मेसेजवरून ठरवा. तोही सरकायला लागला तर जुळतंय. ते सरकणं बारीक असतं आणि तुम्हाला मोठ्या मेसेजची अपेक्षा असेल तर ते निसटून जाईल. 'पोचलो.'च्या जागी 'पोचलो. पाऊस होता.' 'ठीक.'च्या जागी 'ठीक, चालेल मला.' तुमच्या प्रश्नाला उत्तर देऊन त्याने उलटा एक प्रश्न विचारला, 'काढलं. तुझी मीटिंग?' चार शब्दांच्या माणसाने वाढवलेले दोन शब्द म्हणजे त्याच्या पट्टीवर दीडपट आहेत. तीनेक आठवड्यांत असं काहीच दिसलं नाही, तर लांबी तुमच्या नेहमीच्या मापाच्या जवळ परत न्या. जो बदल फक्त एका बाजूने होतोय त्यात तुम्ही थकाल आणि तो थकवा कुठल्यातरी दिवशी मेसेजमध्ये उतरेल.

नक्कल होतेय हे ओळखायलाही खुणा आहेत. मेसेज लिहून तुम्ही शब्द पुसायला लागलात आणि पुसलेला शब्द तुमचा खास होता, तर थांबा. 'अरे ऐक ना' हा तुमचा असेल तर तो राहायलाच हवा, तो फक्त चार मेसेजमध्ये एकदा आला तरी चालेल. त्याचे लाडके शब्द, त्याची 'हं' म्हणायची पद्धत, त्याचं मुद्दाम चुकीचं लिहिलेलं एखादं स्पेलिंग तुमच्या बोटांत आपणहून आलं तर येऊ द्या, जोडप्यांची अशी सामायिक बोली हळूहळू तयार होतेच. पण ठरवून उचललेलं लगेच कळतं. एक चाचणी मी नेहमी देते: तुमचे गेल्या दोन दिवसांतले पाच मेसेज नाव झाकून जवळच्या मैत्रिणीला वाचून दाखवा. तिने तुम्हाला ओळखलं नाही, तर तुम्ही जास्त सरकला आहात.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. वाद चालू असताना समोरच्याच्या चालीशी चाल जुळवू नका. तो 'ठीक.'वर आला आणि तुम्हीही 'ठीक.'वर आलात, तर दोघांचंही तापमान खाली जात राहतं आणि कोण आधी थंड झालं हे नंतर कुणालाच आठवत नाही. तिथे तुमच्या नेहमीच्या, पूर्ण वाक्यात लिहा, 'मला यावर भांडायचं नाहीये, नऊ वाजता फोन करू का?' आणि नऊ वाजता खरंच फोन करा.

दुसरं, त्याची स्वतःचीच पट्टी बदलली असेल तेव्हा. तो पहिल्यापासून थोडक्यात लिहीत असेल तर ती सवय आहे आणि वर सांगितलेलं सगळं तिला लागू पडतं. पण तुमच्या मोजणीत असं निघालं की सहा महिन्यांपूर्वी तो दहा शब्द लिहायचा, रात्री बदाम पाठवायचा, आणि आता चार शब्दांवर आलाय, तर तो प्रश्न लिहिण्याच्या सवयीचा नाही. झोप, काम, घरची चिंता, तुमच्याबद्दलचं काहीतरी, कारण काहीही असू शकतं, आणि तुमचे मेसेज छोटे केल्याने ते कळणार नाही. त्याने तुम्हाला विचारलं तसंच तुम्ही त्याला विचारा, फक्त फोनवर, आवाज ऐकू येईल असं. म्हणून आधी सहा महिन्यांपूर्वीचे त्याचे तीस मेसेज मोजा, मग आत्ताचे.